एकाच प्रश्नसंचातून लिहिलं की जुळतं का?

प्रश्न: आम्ही सगळ्यांनी ग्रुपवरच्या एकाच प्रश्नसंचाच्या नोट्समधून उत्तरं लिहिली. मी शब्द बदलले, तरी माझं ४१ टक्के जुळलं आणि मित्राचं जवळजवळ काहीच नाही. असं कसं?

उत्तर: मित्राने बहुधा आधी जमा केलं असेल. टर्निटिनसारख्या, मजकूर दुसरीकडून उतरवलाय का ते शोधणाऱ्या तपासनीसात जमा झालेला मजकूर साठवून ठेवण्याची सोय असते. ती चालू असेल तर पहिल्याच्या वेळी जुळायला काही नसतं, नंतरच्यांचं त्याच्याशी जुळतं. अहवालात स्रोत म्हणून विद्यार्थ्याचा पेपर असं दिसलं, तर हेच झालंय.

शब्द बदलण्याचं म्हणाल, तर असे तपासनीस सहसा सलग शब्दांचे छोटे तुकडे ताडून बघतात. परासरणाची व्याख्या घ्या: "अर्धपार्य पटलातून द्रावकाचे कमी संहत द्रावणाकडून जास्त संहत द्रावणाकडे होणारे वहन" यात 'होणारे'चं 'घडणारे' केलंत, तरी आधीचे नऊ शब्द सलग तसेच राहतात. मग अहवालात त्या तुकड्याला जुळल्याचा रंग लागणारच.

अर्थात व्याख्या सगळ्यांचीच जुळते. जाणता शिक्षक ती सोडून देतो. तो बघतो ते पुढचं: तेच मनुक्यांचं उदाहरण, मुद्द्यांचा तोच क्रम आणि मूळ नोट्समध्ये 'परासरण'चं 'प्रसारण' झालेलं असेल, तर चौघांच्या उत्तरात तेच 'प्रसारण'. ही चूक टक्केवारीपेक्षा जास्त बोलते, खरं सांगायचं तर.

नोट्स खुशाल वाटा, पण लिहिताना त्या मिटून ठेवा. व्याख्या हवी तर अवतरणात, स्रोतासह द्या आणि उदाहरण स्वतःचं घ्या. आता जमा केलेलं असेल, तर अहवाल उघडून रंगवलेल्या ओळी व्याख्येच्या आहेत की स्पष्टीकरणाच्या, ते आधी बघा. शिक्षकांशी बोलायचं ते त्यावरून ठरेल.