शिल्लक तासांचे पैसे कोणत्या दराने परत मिळतात

प्रश्न: मुलासाठी ऑनलाइन शिकवणीचे महिन्याचे पॅकेज घेतले होते. अर्ध्याहून जास्त तास शिल्लक आहेत आणि आता शिकवणी बंद करायची आहे. कंपनी म्हणते पैसे परत मिळणार नाहीत, तास पुढच्या महिन्यात वापरा. उरलेले पैसे मागता येतात का? कसे मागावेत?

मागता येतात, आणि मागावेतच. मी साताऱ्यात सोळा वर्षे घरी संस्कृत आणि मराठीच्या शिकवण्या घेतल्या. एखाद्या मुलाने महिन्याच्या मध्येच शिकवणी सोडली, तर उरलेल्या दिवसांचे पैसे मी पाकिटात घालून त्याच्या हाती देत असे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन शिकवणी कंपनीने मला 'असे पैसे परत देण्याची पद्धतच नसते' असे ऐकवले, तेव्हा ते माझ्या फार जिव्हारी लागले.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. गणितासाठी आम्ही महिन्याला सोळा तासांचे पॅकेज घेतले होते. त्याची किंमत ८,००० रुपये होती आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९,४४० रुपये कापले गेले, म्हणजे एक तास करासह ५९० रुपयांना पडला. पहिल्या तीन आठवड्यांत तिचे शिक्षक तीन वेळा बदलले. प्रत्येक नवे शिक्षक बहुपदींचा धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शेवटी जवळच राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे तिला पाठवायचे आम्ही ठरवले आणि मी कंपनीला फोन करून शिकवणी बंद करण्यास सांगितले.

फोन करणे ही माझी पहिली चूक होती. समोरच्या मुलीने अतिशय गोड बोलून 'तुमची विनंती नोंदवली आहे' असे सांगितले. दुसऱ्या दिवशी आमचे लॉगिन बंद झाले आणि त्याबरोबर झालेल्या तासांची सगळी नोंदही दिसेनाशी झाली. त्यानंतर त्यांचा हिशेब आला. त्यात सात तास वापरलेले दाखवले होते आणि त्या सात तासांना पॅकेजचा ५०० रुपयांचा दर न लावता सुट्या तासाचा ७५० रुपयांचा दर लावला होता. म्हणजे ८,००० मधून ५,२५० वजा झाले. उरलेल्या २,७५० मधून ५०० रुपये प्रक्रिया शुल्क गेले. जीएसटी 'सरकारजमा झाल्यामुळे' परत मिळणार नव्हता. अशा रीतीने नऊ तासांच्या बदल्यात मला २,२५० रुपये देऊ केले, आणि तेही खात्यात नव्हे, तर कंपनीच्या वॉलेटमध्ये, म्हणजे पुन्हा त्यांच्याकडेच खर्च करण्यासाठी.

आपण ज्यावरून भांडायचे, तो मुद्दा या दरातच दडलेला असतो. सवलतीचा दर मागे घेऊन झालेले तास महाग करणे हे नियमावलीत स्पष्ट लिहिलेले असेल आणि ते पैसे भरण्यापूर्वी आपल्याला दाखवले असेल, तरच कंपनीला त्यावर बोलता येते. आमच्या नियमावलीत तसे एक अक्षरही नव्हते. प्रक्रिया शुल्काचाही उल्लेख नव्हता. तिथे एवढेच लिहिले होते की न वापरलेले तास महिनाअखेरीस रद्द होतील, आणि मी तर महिना संपायला नऊ दिवस असताना शिकवणी बंद केली होती. म्हणून नियमावलीचे ते पान आधी जपून ठेवावे, कारण ही पाने पुढे बदलतात.

सात तासांचा आकडाही खरा नव्हता. एका संध्याकाळी सात वाजताच्या तासाला शिक्षक आलेच नव्हते आणि नोंदीत मात्र 'विद्यार्थिनी गैरहजर' असे पडले होते. लॉगिन बंद झाल्यामुळे ती नोंद मला दाखवता येईना. सुदैवाने त्या दिवशी ७ वाजून १४ मिनिटांनी मी त्यांच्या समन्वयकाला 'सर अजून आलेले नाहीत, मुलगी वाट पाहते आहे' असा व्हॉट्सॲप संदेश पाठवला होता. तो ईमेलला जोडल्यावर तो तास त्यांनी निमूटपणे आमच्या शिलकीत धरला. तुमचे लॉगिन अजून चालू असेल, तर हे उत्तर वाचून होताच झालेल्या प्रत्येक तासाची तारीख, सुरू होण्याची वेळ आणि संपण्याची वेळ दिसेल अशी छायाचित्रे घ्या. बारा मिनिटांत संपर्क तुटलेला तासही पूर्ण तास म्हणून मोजला जातो, आणि ते केवळ वेळेच्या नोंदीवरूनच सिद्ध होते.

त्यानंतर पुढच्या दिवसांचे आधीच ठरलेले तास एकेक करून रद्द करा. बहुतेक ठिकाणी काही तास आधी रद्द केलेला तास खात्यात परत येतो आणि त्या मुदतीनंतर रद्द केलेला तास बुडतो. ती मुदत तुमच्या नियमावलीत पाहा. हे झाल्यावरच ईमेल लिहा आणि त्यात 'बंद करण्याचा विचार आहे' असे न लिहिता 'आजच्या तारखेपासून शिकवणी बंद केली आहे' असे लिहा. मी लिहिलेले मुख्य वाक्य असे होते: 'सोळा तासांपैकी सहा तास झाले असून दहा तास शिल्लक आहेत, पॅकेजच्या दराने त्यांचे ५,००० रुपये आणि त्यावरील जीएसटीचे ९०० रुपये, असे एकूण ५,९०० रुपये ज्या खात्यातून कापले त्याच खात्यात जमा करावेत, वॉलेटमधील रक्कम मला मान्य नाही.' शेवटचे वाक्य वगळू नका. वॉलेटमधली रक्कम एकदा वापरली की तडजोड मान्य केली, असा अर्थ काढला जातो. त्याच दिवशी यूपीआय ॲपमधील ऑटोपे स्वतः बंद करा, कंपनीने ते बंद करण्याची वाट पाहू नका.

माझ्या ईमेलला दहा दिवस उत्तर आले नाही, म्हणून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवून समेट घडवण्याचा प्रयत्न करते. तरीही तक्रार क्रमांक मिळाल्यानंतर पाचव्या दिवशी कंपनीच्या वरिष्ठांचा फोन आला आणि पुढच्या आठवड्यात ५,००० रुपये जमा झाले. जीएसटी मात्र अडला. त्यांचे म्हणणे तेच होते की कर सरकारकडे भरला. मी त्यांना लिहिले की केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे, दिलेल्या बिलाची रक्कम कमी झाली तर कंपनीला क्रेडिट नोट काढून स्वतःचा कर तेवढ्याने कमी करता येतो, आणि त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. तेव्हा तो कर कंपनीच्या हातून कायमचा गेलेला नाही, आणि न दिलेल्या सेवेवरचा कर माझ्याकडून ठेवून घेण्याचे कारणही नाही. उरलेले ९०० रुपये तीन आठवड्यांनी आले.

या सगळ्या काळात माझा धाकटा भाऊ मला रोज समजावत होता. तो काही वर्षे अशाच एका कंपनीच्या विक्री विभागात होता. त्याचे म्हणणे असे: 'ताई, शिक्षकाचा वेळ तुझ्यासाठी राखून ठेवलेला असतो. तू आली नाहीस म्हणून तो दुसऱ्याला विकता येत नाही. तुझ्या शिकवणीतही तू गैरहजर मुलाचे पैसे परत देत नव्हतीस.' यातले शेवटचे वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच त्यावर मी बराच विचार केला. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा, अशी जागा एखाद्या मुलासाठी मी धरून ठेवली आणि तो न सांगता आला नाही, तर ती वेळ माझी खरोखर वाया गेलेली असे. पण त्यानेच आठवडाभर आधी येऊन 'बाई, मी आता येणार नाही' असे सांगितले, तर त्या जागी मी दुसरा मुलगा घेऊ शकत असे. गैरहजर राहणे आणि सोडून जाणे या दोन गोष्टी माझ्या भावाने एक करून टाकल्या होत्या.

ऑनलाइन पॅकेजमध्ये तर हा फरक आणखी स्पष्ट असतो. आमचे सोळा तास हे ठरलेल्या वारांचे नव्हते. दर आठवड्याला मोकळी वेळ निवडून तास ठरवावा लागत असे, आणि ठरवेपर्यंत त्या तासाला ना शिक्षक नेमलेला असे, ना वेळ. शिल्लक दहांपैकी फक्त दोन तास ठरलेले होते आणि तेही मी दोन दिवस आधी रद्द केले होते. उरलेल्या आठ तासांसाठी कोणत्या शिक्षकाची कोणती वेळ राखून ठेवली होती, एवढाच प्रश्न मी भावाला विचारला आणि तोच कंपनीलाही लेखी विचारला. दोघांकडूनही उत्तर आले नाही. तुमचे पॅकेजही असे 'तासांच्या साठ्याचे' असेल, तर हाच प्रश्न तुमच्या ईमेलमध्ये अवश्य घाला.

तुमचे पॅकेज ठरलेल्या वारांचे आणि ठरलेल्या शिक्षकांचे असेल, तर मात्र एका आठवड्याच्या सूचनेएवढे तास सोडून देणे मला न्याय्य वाटते. शिक्षकांनाही मानधन ताशी मिळते आणि त्यांची वेळ ऐनवेळी भरून निघत नाही.

कंपनी हेल्पलाइनलाही दाद देत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला का असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. 'शिक्षण ही ग्राहक कायद्याखाली सेवा नाही' असे कंपनीने सांगितले तर घाबरू नका. शिक्षणसंस्थांना त्या कायद्यातून वगळणाऱ्या २०२० च्या निकालात राष्ट्रीय आयोगाने कोचिंग क्लास त्या सवलतीत बसत नाहीत, असेही म्हटले आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाचे शुल्क प्रमाणात आणि दहा दिवसांत परत द्यावे, असे लिहिले आहे. परंतु त्या सूचना आहेत, त्या राज्यांनी लागू करायच्या आहेत, आणि पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या कोचिंग केंद्रांना डोळ्यांसमोर ठेवून त्या लिहिल्या आहेत. ईमेलमध्ये त्यांचा उल्लेख करा, पण सगळा भार त्यांवर टाकू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुम्ही हे पॅकेज हप्त्यांवर घेतले असेल, तर ते हप्ते बहुधा एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जाचे असतात. तसे असल्यास शिकवणी बंद केल्यावरही हप्ते थांबवू नका, कारण थकबाकी तुमच्या नावावर लागते. रक्कम परत मागणाऱ्या ईमेलची प्रत त्या वित्तसंस्थेलाही पाठवा आणि परतावा कर्जखात्यात वळता करून कर्ज बंद झाल्याचे पत्र मागा.