परिपत्रक पालकांच्या हाती जाण्याआधी : तारीख, कृती आणि सूर

प्रश्न : आमच्या शाळेत परिपत्रकाचा मसुदा दोन-तीन जण वाचतात, तरीही तारखेची चूक निसटते आणि ती पहिल्यांदा पालकांच्याच लक्षात येते. तपासणी नेमकी कशी करावी? (पर्यवेक्षिका)

मसुदा पुन्हा पुन्हा वरून खाली वाचल्याने ही चूक सापडत नाही. वाचणाऱ्याला कार्यक्रम आधीच ठाऊक असतो आणि त्यामुळे कागदावर जे छापले आहे त्याऐवजी मनात जे ठरले आहे तेच तो वाचत जातो. म्हणून मजकूर बाजूला ठेवावा, त्यातील प्रत्येक तारीख, वार आणि वेळ एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्यावी आणि मग केवळ त्या कागदाची दिनदर्शिकेशी व शाळेच्या वार्षिक नियोजनाशी तुलना करावी.

एक मसुदा उदाहरणादाखल घेऊ. ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांची विज्ञान संग्रहालयास भेट शुक्रवार, दि. २४ जानेवारी २०२६ रोजी आयोजित करण्यात आली असून संमतिपत्र २० तारखेपर्यंत जमा करण्यात यावे. विलंब झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, याची गंभीर नोंद घ्यावी.’ वाचताना यात काहीच खटकत नाही. दिनदर्शिका उघडली की २४ जानेवारी २०२६ हा शनिवार असल्याचे दिसते. चूक कुठून आली, याचाही अंदाज बांधता येतो : २४ जानेवारी २०२५ हा शुक्रवार होता, म्हणजे गेल्या वर्षीचे परिपत्रक उघडून त्यातील फक्त वर्ष बदलले गेले. एका वर्षाने तीच तारीख एक वार पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार पुढे जाते. त्यामुळे जुन्या परिपत्रकावरून तयार केलेल्या मसुद्यात वार आणि तारीख यांचा मेळ बसत नसेल, तर आणखी एखादी जुनी गोष्टही तशीच राहून गेली आहे का, हे पाहावे. वर्गशिक्षकांचे नाव, बसची वेळ आणि संपर्क क्रमांक या तीन जागा नेहमी दगा देतात.

वार खरा की तारीख खरी, हे तपासणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने ठरवू नये. ज्यांनी संग्रहालयाशी बोलणी केली त्यांनाच विचारावे. येथे भेट शुक्रवारी, म्हणजे २३ जानेवारीला आहे, असे धरू.

यानंतर त्या तारखा क्रमाने लावून उलट मोजत यावे. तपासणीचा खरा उपयोग येथे होतो. बसवाल्यांना विद्यार्थ्यांची संख्या सोमवारी, १९ जानेवारीला कळवायची असेल, तर संमतिपत्राची २० तारीख व्याकरणाने कितीही शुद्ध असली तरी निरुपयोगी आहे. ज्यांची संमतिपत्रे आली नाहीत त्यांच्याशी बोलण्यासाठी वर्गशिक्षकांना शाळेचा एक पूर्ण दिवस लागतो, तो दिवस शुक्रवार, १६ जानेवारी. म्हणून शेवटची तारीख गुरुवार, १५ जानेवारी असायला हवी. आणि घरात विचार करून सही करण्यासाठी पालकांना एक शनिवार-रविवार मिळावा असे वाटत असेल, तर परिपत्रक शुक्रवारी, ९ जानेवारीलाच हाती पडले पाहिजे. अशी साखळी जुळत नसेल, तर दोष परिपत्रकाच्या भाषेत नसून नियोजनात असतो, आणि तो भाषा सुधारून झाकता येत नाही.

तारीख लिहिण्याबद्दल थोडेसे. ‘पुढील शुक्रवारी’ असे लिहू नये, कारण कागद कोणी शुक्रवारी वाचतो आणि कोणी सोमवारी, आणि दोघांचा ‘पुढील शुक्रवार’ एकच असेल याची खात्री नसते. महिना अक्षरी लिहावा. ३/४/२०२६ ही तारीख कोणी तीन एप्रिल वाचतो, तर कोणी चार मार्च. ‘१५ तारखेपर्यंत’ एवढ्यावर थांबल्यास तो दिवस धरायचा की नाही, असा प्रश्न उरतो, तो ‘गुरुवार, दि. १५ जानेवारी रोजी शाळा सुटेपर्यंत’ असे लिहिल्याने मिटतो. ‘रात्री १२ पर्यंत’ ही मुदत तर टाळावीच, कारण ती रात्र आदल्या दिवसाची की त्या दिवसाची, यावर दोन पालक हटकून दोन उत्तरे देतात.

प्रश्न : संमतिपत्रे वेळेत येतात, पण निम्म्यांवर सही असते आणि बाकीचे रकाने रिकामे असतात. शिवाय जे मुलांना पाठवणार नसतात ते काहीच कळवत नाहीत. पालकांनी नीट वाचावे म्हणून काय करावे? (वर्गशिक्षिका, सातवी)

दोष बहुतेक वेळा वाचणाऱ्यांचा नसतो. वरच्याच मसुद्यातील ‘संमतिपत्र जमा करण्यात यावे’ हे वाक्य पाहा : ते कोणी, कोणाकडे, कसे आणि काय भरून जमा करायचे, यांतले काहीही त्यात नाही. मुलाने दप्तरातून आणायचे की पालकांनी कार्यालयात नेऊन द्यायचे, हेही कळत नाही. शालेय पत्रव्यवहारात कर्ता गाळण्याची आपली सवय जुनी आहे. माहिती देणाऱ्या वाक्यात ती चालून जाते, पण जेथे कोणी काही करायचे आहे तेथे कर्ता लिहिलाच पाहिजे.

दुसरी उणीव अशी की, मसुदा फक्त ‘हो’ म्हणणाऱ्या पालकांसाठी लिहिलेला आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी काय करायचे, हे सांगितले नसेल तर ते गप्प राहणार, आणि गप्प राहिलेला पालक नकार देतो आहे की विसरला आहे, हे तुम्हाला प्रत्येकाला विचारूनच कळणार. उत्तर न देण्याला संमती मात्र कधीही समजू नये, आणि तसे परिपत्रकात लिहूही नये. त्या भागाची पुनर्रचना मी अशी करेन :

‘आपल्या पाल्यास या भेटीसाठी पाठवायचे असो वा नसो, प्रत्येक पालकाने सोबतच्या संमतिपत्रावर आपला निर्णय “होय” किंवा “नाही” असा नोंदवावा, पाल्याचे नाव, तुकडी व त्या दिवशी उपलब्ध असणारा दूरध्वनी क्रमांक लिहावा आणि सही करून ते गुरुवार, दि. १५ जानेवारी रोजी शाळा सुटेपर्यंत पाल्यामार्फत वर्गशिक्षकांकडे पाठवावे. या वेळेपर्यंत होकार न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी बसमध्ये जागा राखता येणार नाही. जे विद्यार्थी भेटीला येणार नाहीत, त्यांचे वर्ग त्या दिवशी नेहमीच्या वेळेत शाळेत भरतील.’

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. ते नसेल तर ‘मग आमच्या मुलाला त्या दिवशी सुट्टी का?’ हा प्रश्न सकाळपासून कार्यालयात विचारला जातो, आणि काही पालक केवळ तेवढ्यासाठी मनाविरुद्ध होकार देतात.

रिकाम्या रकान्यांचे कारण कागदाच्या मांडणीतही असू शकते. सहीची जागा सर्वांत वर किंवा उठून दिसेल अशी असेल, तर हात तिथेच जातो. सही सर्व रकान्यांच्या खाली, शेवटी असावी. आणखी एक गोष्ट छापण्यापूर्वी कागद उलटून पाहावी : कापून परत द्यायच्या पट्टीच्या मागे बस सुटण्याची वेळ किंवा सोबत आणायच्या वस्तू छापल्या असतील, तर ती माहिती संमतिपत्राबरोबर शाळेकडे परत येते आणि पालकांकडे काहीच उरत नाही.

मजकूर तयार झाल्यावर तो भेटीच्या नियोजनात नसलेल्या एका सहकाऱ्याला वाचायला द्यावा आणि कागद परत घेऊन विचारावे की, पालकाने काय करायचे आहे, केव्हापर्यंत आणि न केल्यास काय होईल. ‘कळले का?’ असे मात्र विचारू नये. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. उत्तर देताना तो अडखळला तर तेथे स्पष्टीकरण देत बसू नये, ते वाक्य बदलावे.

प्रश्न : सौम्य भाषेत लिहिले तर पालक दुर्लक्ष करतात आणि कडक लिहिले तर रागावून फोन करतात. मध्यम मार्ग कोणता? (मुख्याध्यापक)

माझ्या मते येथे मध्यम मार्ग शोधण्याचे कारण नाही, कारण ठामपणा हा विशेषणांतून येत नाही. ‘विलंब झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, याची गंभीर नोंद घ्यावी’ हे वाक्य कडक वाटते, पण विलंब झाल्यास काय होईल हे ते सांगतच नाही; त्यामुळे वक्तशीर पालक दुखावतो आणि बेफिकीर पालकाला काही फरक पडत नाही. त्याउलट ‘जागा राखता येणार नाही’ या वाक्यात रागाचा लवलेश नाही आणि तरीही परिणाम स्पष्ट आहे. मात्र जो परिणाम लिहिला तो शाळेने पाळला पाहिजे. मुदतीनंतर आलेली संमतिपत्रे तुम्ही दरवर्षी स्वीकारत असाल, तर हे वाक्य लिहूच नका, कारण पुढच्या परिपत्रकातील मुदतीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

‘काही पालक वारंवार बेजबाबदारपणे वागत असल्याचे निदर्शनास आले आहे’ अशी सुरुवात आलेल्या मसुद्यांत मला नेहमी दिसते, आणि मी ती सरळ काढून टाकते. ज्यांचे वर्तन सुधारायचे आहे ते स्वतःला त्या ‘काही’ पालकांत धरत नाहीत, आणि ज्यांची काही चूक नाही त्यांना मात्र ते लागते. मोजक्या घरांचा प्रश्न असेल, तर त्या घरांशी स्वतंत्रपणे बोलावे. थकलेले शुल्क हा विषय तर सर्वांना पाठवायच्या परिपत्रकाचा नव्हेच. सर्वांनाच सांगण्यासारखे असेल, तर दोषारोपाच्या जागी एका वाक्यात कारण द्यावे : ‘बस सकाळी साडेसात वाजता सुटेल, संग्रहालयातील प्रवेशाची वेळ ठरलेली असल्याने बसला थांबता येणार नाही.’

विनंती आणि आवश्यकता यांतला फरकही सुरातच मोडतो. सगळ्याच गोष्टींना ‘नम्र विनंती’ जोडली की सही करणे ऐच्छिक आहे असा समज होतो. संमतिपत्र ‘आवश्यक आहे’ असेच लिहावे. स्वेच्छेने सोबत येऊ शकणाऱ्या पालकांना मात्र विनंती करावी, आणि नाही म्हणण्यास संकोच वाटणार नाही अशा शब्दांत करावी.

प्रश्न : चुकीच्या तारखेचे परिपत्रक पाठवून झाले आहे. तारीख बदलून तेच पुन्हा पाठवले तर चालेल का? (शाळेतील लिपिक)

तसे करू नये. सारखे दिसणारे दोन कागद हाती आले की पालक दुसरा न वाचताच ठेवून देतात, किंवा दोन्हींपैकी खरा कोणता हे विचारण्यासाठी फोन करतात. मूळ परिपत्रक ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने तीन-चार ओळींचे शुद्धिपत्र पाठवावे, ‘दुरुस्ती’ हा शब्द आणि नवी तारीख विषयाच्या ओळीतच असावी, म्हणजे मोबाइलवर संदेश न उघडताही ती दिसेल. मजकुरात चुकीची आणि बरोबर अशा दोन्ही तारखा लिहाव्यात आणि काय बदललेले नाही, हेही सांगावे : ‘दि. ९ जानेवारीच्या परिपत्रकात भेटीची तारीख २४ जानेवारी अशी चुकीने छापली गेली. भेट शुक्रवार, दि. २३ जानेवारी २०२६ रोजी आहे. संमतिपत्राची मुदत व बसची वेळ पूर्वीप्रमाणेच आहे. ज्यांनी संमतिपत्र दिले आहे, त्यांना नव्या तारखेस पाल्याला पाठवणे शक्य नसल्यास त्यांनी दि. १५ जानेवारीपर्यंत वर्गशिक्षकांना कळवावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

दिलगिरी एका वाक्याची पुरे. चूक कोणाच्या हातून झाली याचा खुलासा पालकांना नको असतो. शुद्धिपत्र गेल्यावर शाळेच्या फलकावरील आणि कार्यालयातील जुनी प्रतही त्याच दिवशी काढून घ्यावी, आणि ज्या फाइलवरून पुढच्या वर्षीचा मसुदा तयार होणार आहे, त्या फाइलमध्ये तारखांच्या, वारांच्या आणि वेळांच्या जागा रिकाम्या करून ठेवाव्यात.