'स्थिरांक' म्हणता, आणि तो टेम्परेचरबरोबर बदलतो?

प्रश्न: "मी सोलापुरातच बीएस्सीला आहे, धाकट्या भावासाठी केमिस्ट्रीच्या नोट्स मराठीत लिहितोय. दोन टेम्परेचरचे रेट कॉन्स्टंट देऊन ॲक्टिव्हेशन एनर्जी काढायची असते ना, तिथे अडलोय. 'वेग स्थिरांक' लिहिलं तर भाऊ विचारतो की टेम्परेचर बदललं की हा बदलतो, मग स्थिर कसला? आणि 'सक्रियण' की 'सक्रियन'? आणि सक्रिय नक्की काय होतं?"

उत्तर: भावाचा प्रश्न एकदम बरोबर आहे, त्याला गप्प बसवू नका, कारण ते अख्खं गणित याच प्रश्नाच्या उत्तरावर उभं आहे.

'सक्रियण' लिहा, ण बाणाचाच. क्रियेतल्या र मुळे पुढचा न तिथे ण होतो, स्मरण, ग्रहण यांच्यात होतो तसाच.

आता स्थिरांक. स्थिर म्हणजे कशाच्या बाबतीत स्थिर, ते सांगितल्याशिवाय हा शब्द अर्धाच राहतो. रिॲक्शन किती जोरात चाललीय ते भांड्यात माल किती आहे त्यावरही ठरतं, आणि माल संपत आला की वेग मंदावतो. पण वेग आणि कॉन्संट्रेशन यांना जोडणारा जो k असतो तो माल कमी झाला म्हणून हलत नाही, तेवढ्यापुरता तो स्थिर. रिक्षाचा किलोमीटरमागचा दर कसा, तुम्ही सात रस्त्यापर्यंत जा नाहीतर पार स्टेशनपर्यंत, दर तोच, पण रात्री उशिरा तोच दर वेगळा लागतो, तसं टेम्परेचर बदललं की k वेगळा. म्हणून मराठीत लिहिताना नुसतं 'वेग स्थिरांक इतका' असं कधीच लिहू नका, '३०८ केल्विनला वेग स्थिरांक इतका' असं लिहा, टेम्परेचर हा त्या वाक्याचाच भाग आहे.

मग टेम्परेचर बदललं तरी न बदलणारं काय राहतं? तर ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे Ea. अगदी काटेकोर बोलायचं तर तीही थोडी हलते, पण चाळीस-पन्नास अंशांच्या पट्ट्यात बहुतेक साध्या रिॲक्शनला ती स्थिर धरली तर चालतं, आणि दोन टेम्परेचरची पद्धत म्हणजे नेमकं हे धरून चालणंच आहे.

'सक्रिय' कुठून आलं ते सांगतो, आपल्या जिल्ह्याला ते जवळचं आहे. १८८९ साली स्वांटे आऱ्हेनियसनं (काहीजण अरेनियस लिहितात, तेही चालतं) ज्या रिॲक्शनवर विचार केला ती होती ॲसिडमध्ये उसाची साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होण्याची, म्हणजे ज्याला आपल्याकडचे कारखान्यातले लोक इन्व्हर्जन म्हणतात आणि जे होऊ नये म्हणून रसात चुना घालून त्याचा आंबटपणा मारतात. त्याला कोडं असं पडलं होतं की टेम्परेचर थोडंसं वाढलं तर वेग एवढा का वाढतो, रेणूंची धावपळ तर तेवढ्यानं फार वाढत नाही. त्यानं मांडलं की सगळी साखर रिॲक्शन करतच नाही, तिच्यातला थोडा भाग 'सक्रिय साखर' अवस्थेत असतो, तोच फुटतो, आणि टेम्परेचर वाढलं की हा थोडा भाग झपाट्यानं वाढतो. साध्या रेणूला त्या सक्रिय अवस्थेत पोचायला लागणारी ऊर्जा ती सक्रियण ऊर्जा. म्हणजे सक्रिय होतो तो रेणू, ऊर्जा नाही, म्हणून काही ठिकाणी 'सक्रिय ऊर्जा' असं लिहिलेलं दिसतं ते टाळा, अर्थ उलटा होतो.

आता गणित. T म्हणजे केल्विनमधलं टेम्परेचर, R म्हणजे वायू स्थिरांक ८.३१४, आणि A हा त्या-त्या रिॲक्शनचा स्वतःचा एक आकडा. सूत्र हे,

```
k = A e^(-Ea/RT)
ln(k2/k1) = (Ea/R) (1/T1 - 1/T2)
```

पहिल्या ओळीत A आणि Ea दोन्ही माहीत नसतात, म्हणून एका टेम्परेचरवरून काही निघत नाही. दोन टेम्परेचरला तीच ओळ लिहून भागाकार केला की A कटतो आणि दुसरी ओळ उरते, दोन टेम्परेचर लागतात ती एवढ्यासाठी. आणि k2/k1 हा भागाकार असल्यामुळे k दर सेकंदाला मोजलाय का दर मिनिटाला, यानं फरक पडत नाही, दोन्ही एकाच मापात असले म्हणजे झालं.

खरे आकडे घेऊ. डायनायट्रोजन पेंटॉक्साइड, N2O5, या वायूच्या विघटनाचे हे आकडे डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनी १९२१ साली छापले, पुस्तकांत अजूनही हेच फिरतात. k दर सेकंदाला आहे, आणि 3.46e-5 म्हणजे ३.४६ गुणिले १० चा उणे पाचवा घात, सूत्रातला e वेगळा.

```
T (K)    k (1/s)
298      3.46e-5
308      1.35e-4
318      4.98e-4
328      1.50e-3
338      4.87e-3
```

२९८ आणि ३०८ ची जोडी घ्या. k चा भागाकार ३.९०, त्याचा ln १.३६१. टेम्परेचरच्या उलट्यांमधला, म्हणजे 1/T1 आणि 1/T2 मधला, फरक ०.०००१०९०. मग ८.३१४ गुणिले १.३६१ भागिले ०.०००१०९०, म्हणजे साधारण १,०३,९०० ज्यूल, १०३.९ किलोज्यूल प्रति मोल. आता दोन टोकं घ्या, २९८ आणि ३३८. k इथे जवळपास १४१ पट झालाय, ln ४.९४७, उलट्यांमधला फरक ०.०००३९७१, आणि Ea येते १०३.६. भावाला हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवा, k १४१ पट बदलला आणि Ea जागची हलली नाही, त्याला कळेल स्थिर काय असतं ते.

पण इथेच थांबू नका, मधल्या जोड्या पण करून बघा. ३०८-३१८ ला १०६.३ येतं, ३१८-३२८ ला ९५.६, आणि ३२८-३३८ ला १०८.५. तीच रिॲक्शन, तेच प्रयोग करणारे, आणि उत्तर ९५ पासून १०८ पर्यंत हिंदकळतंय. Ea खरंच टेम्परेचरबरोबर बदलत असती तर एका दिशेनं सरकत गेली असती, ही मागेपुढे उडतेय, म्हणजे हा k मोजण्यातला बारीक फरक आहे. दहाच अंशांचं अंतर असलं की तो फुगतो. k च्या भागाकारात पाच टक्के चूक धरली तर २९८-३०८ च्या जोडीत Ea जवळपास ४ किलोज्यूलनं सरकते, आणि तेवढीच चूक २९८-३३८ मध्ये असेल तर जेमतेम १ किलोज्यूलनं. म्हणून दोनच टेम्परेचर घ्यायची असतील तर लांबलांबची घ्या, अर्थात एवढी लांब नाही की वरच्या टेम्परेचरला रिॲक्शन मोजायच्या आत संपून जाईल.

आता खास आपल्याकडची गोष्ट, आणि मला वाटतं हीच सगळ्यात जास्त सांभाळायला पाहिजे. तो शब्द म्हणजे 'रूम टेम्परेचर'. पुस्तकात तो वाचला की हात आपोआप २९८ लिहितो, म्हणजे २५ अंश. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात बाहेर पारा चाळिशीच्या वर असतो, लॅबमध्ये ३५ अंश म्हणजे काहीच विशेष नाही, आणि साधा वॉटर बाथ फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही, त्यामुळे बर्फ किंवा चिलर नसेल तर त्यात २५ अंश येणारच नाहीत. मिथाइल ॲसिटेटच्या प्रॅक्टिकलमध्ये एक रीडिंग सेट 'रूम टेम्परेचर' ला आणि एक ४५ अंशांना, म्हणजे ३१८ ला घेतात आणि वहीत पहिल्या सेटपुढे २९८ पडतं, तेव्हा काय होतं ते वरच्याच आकड्यांवर बघा. खरं टेम्परेचर ३०८ आहे, k त्याचाच मोजलाय, फक्त लिहिलं २९८. k चा भागाकार ३.६९, ln १.३०५, पण उलट्यांमधला फरक आता ०.०००२११ झाला, आणि Ea आली ५१.४. खरी १०६.३ होती, निम्मी झाली!

वाईट हे की ५१.४ बघून कुणाला शंका येत नाही. 'दर दहा अंशाला वेग दुप्पट' हा जो नियम सगळ्यांना पाठ असतो तो रूम टेम्परेचरच्या आसपास Ea ५३ च्या जवळ असेल तेव्हाच खरा असतो, त्यामुळे पन्नासच्या आसपासचा आकडा बघितला की उलट वाटतं छान आलं. सेल्सिअस तसंच घातलं तर २९८-३०८ च्या जोडीला एक किलोज्यूलच्या आत उत्तर येतं, ते लगेच पकडता येतं. k1 आणि k2 ची अदलाबदल झाली तर उत्तर मायनसमध्ये जातं, तेही दिसतं. पण ln च्या जागी साधा log घेऊन २.३०३ विसरलात तर १०३.९ चे ४५.१ होतात, आणि हीपण २९८ सारखीच न दिसणारी चूक.

न दिसणाऱ्या टेम्परेचरच्या चुकीवर एकच इलाज आहे, तिसरं टेम्परेचर. वरच्याच उदाहरणात ३३८ चं एक रीडिंग घेतलं असतं तर ३१८-३३८ च्या जोडीनं १०१.९ दिलं असतं, आणि शेजारी ५१.४ बघून कुणीही म्हटलं असतं की पहिल्या सेटचं थर्मामीटर कुणी वाचलं होतं. ln k आणि 1/T चा आलेख काढला की सरळ रेषा यायला हवी, पण दोन बिंदूंतून सरळ रेषा कायमच जाते, बिंदू चुकीचा असला तरी जाते, त्यामुळे दोनच्या पद्धतीला स्वतःची चूक स्वतः सापडत नाही. हेच एन्झाइमच्या बाबतीतही, टेम्परेचर वाढलं की एन्झाइम बिघडायला लागतो, वेग पडतो, आणि एक बिंदू त्या उतारावर गेला की Ea म्हणून जे येतं त्याला काही अर्थ नसतो, गणित मात्र मुकाट्यानं होतं.

तेव्हा भावाच्या वहीत शेवटचं वाक्य असं लिहून द्या: 'N2O5 च्या विघटनाची सक्रियण ऊर्जा, २९८ ते ३३८ केल्विन या टप्प्यात, दोन वेग स्थिरांकांवरून, सुमारे १०४ किलोज्यूल प्रति मोल.' टप्पा लिहायचाच, किती बिंदू घेतले तेही लिहायचं, आणि १०३.५६६ असे दशांश लिहायचे नाहीत, जोड्या ९५ ते १०८ मध्ये हिंदकळतात तिथे पॉइंटच्या पुढचे तीन आकडे लिहिणं खोटं आहे.