भादव्यात विहीर किती भरते, ते आधी बघा

प्रश्न: सिन्नर तालुक्यात आमची 45 फूट खोल, 25 फूट व्यासाची विहीर आहे. पूर्वी मेपर्यंत पाणी पुरायचं, आता मार्चअखेरच तळ दिसतो. आजूबाजूला बोअर झालेत. शेजारच्या ओढ्याचं पाणी विहिरीत सोडलं तर फायदा होईल का? कसं सोडायचं?

राम राम भाऊ. फायदा होईल की नाही, हे पावसाळा सरताना विहीर कुठपर्यंत भरते त्यावर ठरतं. भादव्यात ती आपोआप काठापर्यंत येत असेल, तर ऑगस्टमध्ये सोडलेलं जादा पाणी ठेवायला खाली जागाच नसते. पण चांगला पाऊस होऊनही ती दहा-पंधरा फूट रिकामी राहत असेल, तर पुनर्भरण नक्की करा.

असं का, ते आपल्याकडच्या दगडात आहे. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि त्याखाली कातळ. पाणी साठतं ते मुरुमात आणि मांजऱ्याच्या भेगांत, आणि तिथंही जागा फार कमी. शंभर घनफूट मुरुमातून ढोबळमानाने दोनच घनफूट पाणी उपसता येतं. म्हणजे एक एकराखालची पातळी एक मीटर उतरली तर हाती येतं साधारण 80 हजार लिटर. उन्हाळ कांद्याला सरीतून एक पाळी दिली, पाच सेंटिमीटर पाणी धरलं, तर एकरी 2 लाख लिटर लागतं. एका एकराच्या एका पाळीसाठी एका एकराखालची पातळी अडीच मीटर उतरते. आजूबाजूच्या रानातून पाणी सरकत येतं म्हणून विहीर तग धरते, पण तिथंही कांदाच असतो. जानेवारी ते मार्च सगळ्यांच्या पाळ्या एकाच वेळी चालतात, आणि विहीर नेमकी तेव्हाच बसते.

आता बोअरचा हात किती, ते तपासा. विहिरीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने फुटाफुटाच्या खुणा करून घ्या. संध्याकाळी मोटर बंद करा, पातळी लिहा, पहाटे परत बघा. तुम्ही उपसा केला नाही तरी पातळी वर येण्याऐवजी खाली गेली, आणि शेजारचा बोअर बंद असलेल्या रात्री मात्र वर आली, तर पाणी तिकडे ओढलं जातंय. आणखी एक गोष्ट मार्चमध्ये विहीर खाली गेल्यावर दिसते. सकाळच्या उन्हात कडा नीट न्याहाळा. कुठे तरी ओलसर काळपट पट्टा दिसेल, तिथून बारीक धार किंवा थेंब सुटत असतात. तो पट्टा बहुतेक वेळा मुरूम आणि कातळाच्या सांध्यावर असतो. पाणी त्याखाली गेलं की विहिरीला आवक उरत नाही, उरतो तो फक्त साठा. अशा विहिरीला तळाशी आणखी खोल नेऊन उपयोग होईलच असं नाही. कातळात भेग लागली तर लागली, नाहीतर खर्च करून नुसता हौद मोठा होतो.

समजा विहीर भरत नाही. तुमच्या व्यासाला एक फूट पाणी म्हणजे अंदाजे 14 हजार लिटर. ओढ्याऐवजी वरच्या अंगाच्या तीन एकर शेताचं पाणी घेतलं, 50 मिलिमीटरचा एक पाऊस झाला आणि त्यातलं तीस टक्के वाहून आलं, तरी 1 लाख 80 हजार लिटर होतं. हे सगळं आत गेलं तर विहीर तेरा फूट चढेल, आणि मग हळूहळू ते पाणी आजूबाजूच्या मुरुमात शिरेल. म्हणून मोठ्या ओढ्याच्या मागे लागू नका. ओढ्याच्या लोंढ्यात गाळ फार असतो आणि तो गाळणीला झेपत नाही.

पाणी थेट सोडायचं नाही, ही गोष्ट मी परत परत सांगेन. गढूळ पाण्याने झऱ्यांची तोंडं बुजतात आणि विहीर कायमची मंदावते. विहिरीपासून किमान दहा फूट लांब दोन खड्डे घ्या. पहिला सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. तो फक्त गाळ बसण्यासाठी, रिकामाच ठेवायचा. त्याच्या वरच्या कडेवरून पाणी दुसऱ्या खड्ड्यात पडू द्या. हा सहा बाय सहा आणि सहा फूट खोल. तळाला फूट-दीड फूट मोठे दगड, त्यावर फूटभर खडी, त्यावर फूट-दीड फूट जाड वाळू, आणि वर दोन फूट जागा मोकळी. तळाजवळून सहा इंची पीव्हीसी पाइप विहिरीत काढा आणि त्याचं टोक काठापासून दोन-तीन फूट आत येऊ द्या. पाइप काठालगत संपवला तर पाणी बांधकामावरून ओघळतं आणि काठ ढासळतो. पहिल्या खड्ड्याला सांडवा ठेवा, कारण ढगफुटीसारखा पाऊस आला तर गाळणी सगळं पाणी घेऊच शकत नाही.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, वाळूच्या वर राखाडी चिखलाचा पापुद्रा जमतो आणि पाणी झिरपायचंच थांबतं. पाऊस उघडल्यावर वरच्या मोकळ्या जागेत पाणी तुंबून राहिलेलं दिसलं की समजा वाळू बंद झाली. वरची दोन-तीन इंच वाळू खरवडून धुऊन परत टाका. दुसरी, जूनचे पहिले पाऊस. त्यात शेतातली माती, शेणखत आणि द्राक्षबागेच्या फवारणीचे अंश सगळं वाहून येतं. ते पाणी सांडव्याने बाहेर सोडा, चारी धुतली गेल्यावरच पाइप उघडा. वाळूची गाळणी गाळ अडवते, विरघळलेलं औषध अडवत नाही. विहिरीचं पाणी पिण्यासाठी वापरत असाल तर बागेच्या खालून येणारं पाणी घेऊच नका, आणि गोठ्याचं किंवा गावाचं सांडपाणी तर कधीच नको.

आता दुसरी शक्यता, विहीर भादव्यात काठोकाठ भरते. मग अडचण भरण्याची नाही, निघून जाण्याची आहे. तुमच्या विहिरीपेक्षा ओढ्याचं पात्र खाली असेल, तर मुरुमातलं पाणी दिवाळीपर्यंत ओढ्यात पाझरून वाहून जातं. अशा वेळी विहिरीच्या खालच्या अंगाला सप्टेंबरअखेर रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घाला. पात्रातलं पाणी चार-पाच फूट उंच राहिलं की विहिरीतलं पाणी तिकडे ओसरायचं मंदावतं. वरच्या अंगाला जुना नाला बांध असेल तर त्यातला गाळ उन्हाळ्यात मुरूम लागेपर्यंत काढा. त्याखालच्या कातळापर्यंत खोदत बसू नका, तिथून पाणी जिरत नाही.

प्लास्टिकच्या शेततळ्याबद्दलही सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात त्याची चलती आहे. विहीर ओसंडत असताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात तळं भरून घेतलं तर ते पाणी असंही ओढ्याने गेलंच असतं. डिसेंबरात भरलं तर तुम्ही शेजाऱ्याची आवक ओढता, आणि मेमध्ये उघड्या तळ्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर उडूनही जातं.

कांदा एकरभर ठिबकवर नेता आला तर पाळीचं पाणी बरंच वाचतं, पण तो हिशेब वेगळा करू. तूर्तास खुणा रंगवून घ्या आणि या पावसाळ्यात दर पंधरवड्याला पातळी लिहून ठेवा. विहिरीपासून ओढा किती फूट लांब आहे आणि त्याचं पात्र तुमच्या काठापेक्षा किती खाली आहे, तेही मोजून इथे टाका. मग खड्डे कुठे घ्यायचे आणि बंधारा कुठे घालायचा, ते नेमकं सांगता येईल.