टीडीएस कापला, फॉर्म १६ए मात्र देत नाहीत

प्रश्न: क्लायंटने माझ्या बिलांतून १० टक्के टीडीएस कापला आहे. फॉर्म १६ए मागितला की "पाठवतो" म्हणतात, सहा महिने झाले. फार मागे लागलो तर काम जाईल का? नक्की कसे मागायचे?

उत्तर:

फोनवर मागू नका, लेखी मागा; आणि नुसते "सर्टिफिकेट पाठवा" असे न म्हणता, त्यांनी त्या तिमाहीचे टीडीएसचे २६क्यू विवरणपत्र दाखल केले आहे का आणि त्यात तुमचा पॅन बरोबर टाकला आहे का, हे आधी विचारा. फॉर्म १६ए हा कोणी टेबलावर बसून लिहून देण्याचा कागद नाही. कापलेला कर सरकारात भरला गेला, त्याचे तिमाही विवरण दाखल झाले आणि आयकर विभागाने त्यावर प्रक्रिया केली, म्हणजे मगच तो ट्रेसेस या संकेतस्थळावरून उतरवता येतो. जो क्लायंट सहा महिने "पाठवतो" म्हणतो, त्याला बहुतेक वेळा तो उतरवताच येत नसतो, कारण आधीच्या पायऱ्यांपैकी एखादी राहिलेली किंवा चुकलेली असते. ती कोणती, हे शोधणे हेच खरे काम आहे.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण माझ्याकडे सही-शिक्क्याचा फॉर्म १६ए होता आणि तरीही माझे पैसे अडकले होते.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा शालेय गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. कापड व्यापाऱ्याचे, आणि कटाई, शिलाई, काज-बटण, इस्त्री, पॅकिंग आमचे. कापड त्याच्याकडूनच येत असल्यामुळे हे काम कलम १९४सी खाली येते, आणि मालक एकटी व्यक्ती असेल तर १ टक्का कर कापला जातो. २०२२ च्या दिवाळीनंतर आम्हां भावांची वाटणी झाली. दुकान दादांकडे गेले, कारखाना माझ्याकडे आला. कारखान्याचे नाव वडिलांच्या वेळेपासूनचे तेच ठेवले, मालक मात्र बदलला, म्हणजेच पॅन आणि जीएसटी क्रमांकही बदलले.

जानेवारी ते मार्च २०२३ या तिमाहीत पुण्याच्या एका जुन्या व्यापाऱ्याला मी माझ्या नावाने दोन बिले दिली. प्रत्येक बिलात शिलाईची मजुरी ४,६०,००० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी २३,००० रुपये, असे एकूण ४,८३,००० रुपये होते. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो, त्यामुळे ४,६०० रुपये कापून ४,७८,४०० रुपये खात्यात आले. हा हिशेब त्यांनी चोख केला होता. दोन बिलांचे मिळून ९,२०० रुपये कापले गेले.

चौथ्या तिमाहीचे विवरण ३१ मेपर्यंत जाते आणि त्यानंतर १५ दिवसांत, म्हणजे १५ जूनपर्यंत, फॉर्म १६ए द्यायचा असतो. (इतर तिमाहींसाठी या तारखा १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर आणि १५ फेब्रुवारी अशा आहेत. त्याआधी मागू नये; तेव्हा तो कोणाकडेच नसतो.) मी २० जूनपासून फोन करू लागलो. कधी सीए साहेब बाहेरगावी, कधी संगणक बिघडलेला. दादांनी तेव्हा मला ऐकवले, "नऊ हजारांसाठी तीस वर्षांच्या गिऱ्हाईकाला तगादा लावतोस? बाबांनी कधी कोणाकडे कागद मागितला होता का?" बाबांच्या काळी कर कापून घेणारे गिऱ्हाईकच विरळा होते, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

जुलैच्या अखेरीस एक पीडीएफ आली. वर "फॉर्म १६ए" असे शीर्षक, खाली माझे नाव, माझा पॅन, ९,२०० हा आकडा, आणि गोल निळा शिक्का. दादा म्हणाले, "मिळाले ना? मग?" माझ्या कर सल्लागारांनी बजावले होते की ही रक्कम फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे माझ्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीत, दिसत नाही. मी म्हणालो, कागद हातात आहे, तुम्ही धरा. त्यांनी माझ्या आयकर विवरणपत्रात ९,२०० धरले, आणि सप्टेंबरमध्ये आयकर विभागाची कलम १४३(१) ची सूचना आली. मिळायच्या परताव्यातून नेमके तेवढेच पैसे वजा झालेले होते.

तेव्हा कुठे मी ती पीडीएफ नीट पाहिली. खऱ्या फॉर्म १६ए वर ट्रेसेसने दिलेला प्रमाणपत्र क्रमांक असतो, आणि कर ज्या चलनाने भरला त्याची तारीख, अनुक्रमांक व बँक शाखेचा बीएसआर कोड असतो. माझ्या कागदावर प्रमाणपत्र क्रमांकाची चौकट होती, पण ती रिकामी. कोणीतरी एक्सेलमध्ये जुना नमुना घेऊन आकडे भरले होते. असा कागद सद्भावनेने दिला असला तरी त्याची किंमत शून्य आहे.

मग मी पत्र लिहिले, ईमेलनेही आणि टपालानेही. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. दोन्ही बिलांचे क्रमांक, तारखा, जीएसटी वगळून रक्कम, कापलेला कर आणि माझा पॅन दिला, आणि खाली इतकेच लिहिले: "२६क्यूमध्ये हाच पॅन नोंदवला असल्याची कृपया खात्री करावी व ट्रेसेसवरून उतरवलेला फॉर्म १६ए पाठवावा. कर भरणे वा विवरण दाखल करणे राहिले असल्यास ते कोणत्या तारखेपर्यंत होईल, हे कळवावे. तोपर्यंत ही रक्कम आमच्या खात्यात आपल्या नावे येणे दाखवत आहोत." हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. ते वाचल्यावर त्यांच्या अकाउंटंटला आपले खाते आमच्या खात्याशी जुळवून पाहावे लागते.

चौथ्या दिवशी खरा फॉर्म १६ए आला. रक्कम बरोबर, चलन बरोबर, कर वेळेवर भरलेला; आणि नाव दादांचे.

घडले होते ते असे. व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या कारखान्याच्या नावापुढे दादांचा जुना पॅन तसाच राहिला होता आणि विवरणात तोच गेला. हाताने केलेल्या पीडीएफमध्ये मात्र माझ्या बिलावरून पाहून माझा पॅन टाकला होता. माझा पॅन त्यांच्या डोळ्यांसमोर होताच, कारण जीएसटी क्रमांकातील तिसऱ्या ते बाराव्या अक्षरापर्यंतचा भाग म्हणजे पॅनच असतो. फरक चटकन ध्यानात न येण्यालाही कारण होते: व्यक्तीच्या पॅनचे चौथे अक्षर P आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर, त्यामुळे भावाभावांचे पॅन वरवर सारखेच दिसतात.

दादांच्या २६एएसमध्ये या व्यापाऱ्याच्या आधीच्या तिमाहींच्या नोंदी होत्याच, त्यांत ही एक मिसळून गेली. त्यांच्या विवरणपत्रात ती आपोआप भरली गेली आणि परतावा त्यांच्या खात्यात जमाही झाला. उत्पन्न मी दाखवायचे आणि त्यावरचा कर त्यांच्या नावे जमा व्हायचा, हे कलम १९९ ला धरून नाही. मी हे सांगितल्यावर त्यांचे उत्तर होते, "घरातच आहेत ना पैसे?" वाटणीनंतर घरे दोन झाली होती, हे त्यांना वाटणीपत्रावर सही करताना मान्य होते, ९,२०० रुपयांच्या वेळी नव्हते.

व्यापाऱ्याने नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती विवरण दाखल करून पॅन बदलला. काही दिवसांनी माझ्या २६एएसमध्ये नोंद आली आणि तिच्यापुढे `F` हे अक्षर दिसले, म्हणजे चलनाशी ताळमेळ पूर्ण झाला. (तिथे `U` दिसले तर कर भरलेला नाही किंवा चलनाचा तपशील चुकला आहे, असे समजावे.) दादांनी ३१ डिसेंबर २०२३ च्या मुदतीआधी कुरकुरत सुधारित विवरणपत्र भरून जास्तीचा परतावा परत केला. मी पोर्टलवर कलम १५४ खाली विवरणपत्राची पुन्हा प्रक्रिया करण्याची विनंती केली आणि फेब्रुवारीत ९,२०० रुपये आले.

आता तुमच्याबद्दल. तुमचा टीडीएस १० टक्के आहे, म्हणजे बहुधा व्यावसायिक सेवांच्या शुल्काचे कलम १९४जे, आणि रकमा माझ्यापेक्षा मोठ्या असणार. आज आधी स्वतःचा २६एएस उघडा. नोंद `F` सह दिसत असेल तर कर जमा मिळण्यात अडचण नाही, आणि क्लायंट केवळ आळस करत आहे. तरीही प्रमाणपत्र मागाच, कारण कोणत्या बिलाचा किती कर कापला हे नंतर जुळवताना ते लागते. नोंदच नसेल तर वरच्यासारखे पत्र पाठवा. पत्रालाही उत्तर नसेल तर दुसऱ्या पत्रात, टीडीएसचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक करणाऱ्या कलम २०३ चा उल्लेख करा, आणि प्रमाणपत्र न दिल्यास कलम २७२ए(२)(जी) खाली दिवसाला ५०० रुपये, पण कराच्या रकमेपेक्षा जास्त नाही, असा दंड होऊ शकतो हेही लिहा. तो दंड सरकारात जातो, तुम्हाला मिळत नाही; पण त्यांचा सीए ते वाचतो.

क्लायंटने कर कापून भरलाच नसेल तर कलम २०५ नुसार तोच कर आयकर विभागाने तुमच्याकडून पुन्हा वसूल करायचा नसतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये पगारातून कापलेल्या कराच्या एका प्रकरणात हेच म्हटले आहे. मात्र २६एएसमध्ये नोंद नसताना विभागाचा संगणक त्या कराची जमा देत नाही आणि भांडण तुम्हालाच करावे लागते. त्या वेळी कर खरोखर कापला गेल्याचा पुरावा लागतो, म्हणून बिल, बँकेतील निव्वळ जमा आणि क्लायंटकडून आलेला कपातीचा तपशील जपून ठेवा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी करतज्ज्ञ नाही, शिलाईचा कारखानदार आहे. आणि वरची कलमे १९६१ च्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने त्यापुढच्या व्यवहारांना कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा पत्र लिहिण्यापूर्वी आपल्या सल्लागाराला विचारा.

काम जाईल का, हे तुमच्या क्लायंटला ओळखल्याशिवाय मी सांगू शकत नाही. माझे पत्र सप्टेंबर २०२३ मध्ये गेले. पुढच्या हंगामाचे कापड त्याच व्यापाऱ्याकडून फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, आदल्या वर्षापेक्षा दोन गाठी जास्त. ट्रक खाली होत असताना दादा कारखान्यावरच होते. गाठी त्यांनी मोजल्या. त्या पत्राचा विषय मात्र काढला नाही.