सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त: ठराव आधी लिहा, मग हात मोजा

प्रश्न: मी यंदा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालोय. सभेत ठरतं एक आणि सहा महिन्यांनी प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एजीएमचं इतिवृत्त नेमकं कसं लिहावं म्हणजे नंतर भांडणं होणार नाहीत?

भांडणं होतीलच. फक्त "काय ठरलं होतं" यावर होऊ नयेत, एवढी सोय इतिवृत्त करू शकतं. कोण काय बोललं याची पानंच्या पानं भरू नका. सगळा जोर ठरावाच्या मजकुरावर द्या.

सिंहगड रोडवरच्या आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला होता. तेव्हा लिहिलं गेलं ते असं: "गच्चीच्या कामावर चर्चा झाली. कमिटीला सर्वाधिकार देण्यात आले. सर्वानुमते मंजूर." काम सुरू झाल्यावर ठेकेदाराने कठड्याचं प्लॅस्टरही करून टाकलं आणि बिल लाखभराने वाढलं. कमिटी म्हणे सर्वाधिकार होते, सभासद म्हणत आम्ही फक्त गच्ची मंजूर केली. त्या तीन वाक्यांतून दोन्ही अर्थ निघत होते. शिवाय सभेत विरोधात हात वर केलेली मंडळी समोरच बसलेली, त्यामुळे "सर्वानुमते" वाचून ती आणखीच चिडली.

आता आम्ही ठराव सभेतच लिहितो. चर्चा संपली की सेक्रेटरी मजकूर मोठ्याने वाचतो, सूचक आणि अनुमोदक मिळतात आणि मगच मतदान होतं. तोच विषय या पद्धतीने असा लिहिला गेला असता:

"ठराव क्र. ४: दोन्ही विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करावं. कठड्याचं प्लॅस्टर यात धरलेलं नाही. खर्च दुरुस्ती निधीतून, जीएसटीसह कमाल ६,५०,००० रुपये. त्यावर एक रुपयाही लागला तर पुन्हा सर्वसाधारण सभेची मंजुरी. किमान तीन कोटेशन घेऊन ठेकेदार कमिटी निवडेल. करारावर चेअरमन व सेक्रेटरी सह्या करतील. कामावर देखरेख अ-३०२ आणि ब-१०४ यांची. त्यांच्या लेखी शेऱ्याशिवाय खजिनदार शेवटचा हप्ता देणार नाही. काम ३१ मेपूर्वी. सूचक अ-२०१, अनुमोदक ब-४०३. मतदानावेळी उपस्थित २९. बाजूने २१, विरोधात ६, तटस्थ २. बहुमताने मंजूर."

काय करायचं नाही, हेही त्यात आहे. वाद बहुधा तिथेच पेटतो. आणि जबाबदारी "कमिटी पाहील" अशी मोघम न ठेवता फ्लॅट नंबरवर टाकली आहे.

उपस्थिती मतदानाच्या क्षणाची लिहायची, सुरुवातीची नाही. हजेरीवर ३१ सह्या असतात, चहा आला की दोघं सटकतात, आणि मग आकड्यांची बेरीज जुळत नाही. पुढे कोणी इतिवृत्तावर शंका घेतली तर पहिलं बोट इथेच ठेवतो. हात मोजायला दोघं ठेवा, त्यातला एक कमिटीबाहेरचा. एका फ्लॅटचं एकच मत. नवरा-बायको दोघांनी हात वर केले तर तिथेच विचारा. आदर्श उपविधींनुसार मुखत्यारपत्र घेऊन आलेल्याला सभेत बसता येत नाही, मग मत तर दूरच. विरोधकाने नाव नोंदवायला सांगितलं तर फ्लॅट नंबरासह नोंदवा, का-कू करू नका.

कोरमचाही उल्लेख हवा: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली कमी संख्या. आमच्याकडे ती २०.

सभेनंतरचं काम लोक टाळतात. उपविधींप्रमाणे कमिटीने तीन महिन्यांच्या आत मसुदा ठरवायचा, तो १५ दिवसांत सगळ्या सभासदांना पाठवायचा आणि त्यांनी १५ दिवसांत हरकती कळवायच्या. तीन महिने ही बाहेरची मर्यादा झाली. मी मसुदा पहिल्याच आठवड्यात कमिटीपुढे ठेवतो, नाहीतर आठवणी वाकड्या व्हायला लागतात. हरकती लेखीच घ्या, पोच द्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवरची कुरकुर ही हरकत नव्हे. आकडा किंवा फ्लॅट नंबर चुकला असेल तर दुरुस्ती होते. "मला तसं म्हणायचं नव्हतं" एवढ्यावर ठराव बदलत नाही. हरकती विचारात घेऊन कमिटी पुढच्या बैठकीत इतिवृत्त अंतिम करते आणि ते इतिवृत्त पुस्तकात जातं. पानांना क्रमांक हवेत. खाडाखोड झाली तर मूळ शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारून बाजूला सही करा, व्हाइटनर नको. हजेरीपत्रक, मत मोजलेला कागद आणि आलेल्या हरकती त्याच फाइलला लावून ठेवा.

एखाद्याला निर्णयच पटला नसेल तर इतिवृत्तावर राग काढून उपयोग नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव मंजूर झाल्यापासून सहा महिने उलटल्याशिवाय तो रद्द करण्याचा ठराव आणता येत नाही. त्यासाठी ठरावाची तारीख आणि क्रमांक सांगावे लागतात, म्हणून दरवर्षी ठरावांना नीट क्रमांक द्या.