शिक्क्याखालचे नाव आणि समासातली दुरुस्ती

प्रश्न: माझ्या जन्मदाखल्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का नेमका आईच्या नावावर बसला आहे. शेजारी कुणीतरी पेनाने 'शांता ऐवजी शांताबाई वाचावे' असे लिहिले आहे. इंग्रजी भाषांतरात आईचे नाव सरळ 'शांताबाई' आहे, शिक्क्याचा उल्लेख नाही. मुलीने अमेरिकेतून माझ्यासाठी केलेल्या अर्जावर यूएससीआयएस या तिथल्या स्थलांतर खात्याने पुरावा मागणारी नोटीस पाठवली आहे. आता काय करू?

उत्तर: पेनाने लिहिलेली ओळ कुठल्या कागदावर आहे, ते आधी पाहा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे चूक सुधारायची असेल तर निबंधक मूळ नोंद खोडत नाही. तो नोंदवहीच्या समासात दुरुस्ती लिहितो, तिथे सही करतो आणि तारीख घालतो. तुमच्या हातातला दाखला हा त्या नोंदवहीचा उतारा आहे. वहीत दुरुस्ती नसताना उताऱ्यावरच कुणी पेन चालवले असेल, तर त्या ओळीला कायद्याचा आधार नाही. भाषांतर कितीही चांगले केले तरी हा दोष जाणार नाही.

म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवहीतले मूळ पान पाहा. समासात सही-तारखेची दुरुस्ती असेल तर नवा दाखला मागा, आणि ती दुरुस्ती 'शेरा' रकान्यात यावी असे अर्जात स्पष्ट लिहा. वहीत काहीच नसेल तर कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. सोबत आईच्या नावाचे जुने पुरावे जोडा. नवा दाखला हातात घेताना शिक्का कुठे मारतात तिकडे लक्ष ठेवा. सहीजवळच्या रिकाम्या जागेत मारायला सांगण्यात काहीही गैर नाही.

नवा दाखला वेळेत मिळाला नाही, तर जुन्याचेच भाषांतर नव्याने करून घ्या. अमेरिकेच्या नियमावलीतील १०३.२(बी)(३) नुसार भाषांतर संपूर्ण हवे. ते पूर्ण आणि अचूक आहे, तसेच आपण त्या भाषेतून भाषांतर करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने लिहून प्रमाणित करायचे असते. नोटरीचा शिक्का हा त्याला पर्याय नाही. तुमच्या आधीच्या भाषांतरकाराने छापील नाव आणि पेनाची ओळ यांचे परस्पर एकच नाव करून टाकले. त्यामुळे दाखल्यात नाव बदलले गेले होते, ही गोष्टच अधिकाऱ्यापासून लपली. मूळ कागद शेजारी ठेवला की विसंगती लगेच दिसते आणि संशय येतो.

नव्या भाषांतरात रकान्यात छापलेलेच नाव यावे: 'शांता'. बाकी सगळे चौकटी कंसात, मजकुरापासून वेगळे. आईच्या नावाच्या ओळीखाली साधारण असे: [गोल शिक्का, निळी शाई, ग्रामपंचायतीचे नाव व तालुका, आईच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवर आला आहे, अक्षरे वाचता येतात]. त्यानंतर: [उजव्या समासात हस्तलिखित: शांता ऐवजी शांताबाई वाचावे; सही नाही, तारीख नाही]. सही-तारीख नसेल तर तसे लिहिलेच पाहिजे. निबंधकाची सही असेल त्या जागी [सही, अवाच्य] इतकेच लिहावे. सहीवरून नावाचा अंदाज बांधू नये. नाव पदनामाच्या शिक्क्यात असेल तर तिथून घ्यावे. पाठीमागे 'खरी नक्कल' किंवा नोटरीचा शिक्का असेल तर तोही याच पद्धतीने द्यावा. लोक पाठीमागची बाजू हमखास विसरतात.

शिक्क्याखालचे अक्षर खरोखर वाचता येत नसेल तर [शिक्क्यामुळे दोन अक्षरे अवाच्य] असे लिहावे. ते आधार कार्डावरून भरू नये, कारण भाषांतरात फक्त या कागदावर जे आहे तेच येऊ शकते. मात्र अवाच्य म्हणण्याआधी एक प्रयत्न करावा. मूळ दाखला रंगीत, ६०० डीपीआयला स्कॅन करून फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये त्याचा फक्त निळा चॅनल, म्हणजे चित्रातल्या निळ्या रंगाचा थर, पाहावा. निळी शाई तिथे फिकी पडते, काळी छपाई ठळक राहते. नाव निळ्या पेनाने भरलेले असेल तर मात्र शाईबरोबर तेही फिके होईल. हे चित्र वाचण्यापुरतेच वापरावे. अर्जासोबत मूळ दाखल्याची कोणताही फेरफार न केलेली रंगीत प्रतच जोडावी.

उत्तर एकदाच, सगळे कागद एकत्र पाठवा. अर्धवट उत्तर पाठवले तर अधिकारी तेवढ्यावरच निर्णय देऊ शकतो. नोटिशीवर छापलेली तारीख अंतिम धरा, मुदत वाढवून मिळत नाही. दाखला, भाषांतर, भाषांतरकाराचे प्रमाणपत्र असा क्रम ठेवा आणि मूळ नोटीस सर्वांत वर लावा. 'शांता' आणि 'शांताबाई' या एकच व्यक्ती आहेत हे दाखवणारे आईचे इतर कागद त्यांच्या भाषांतरांसह शेवटी जोडा.